पाचरीचं टोक खरंच मिटलं आहे का?

प्रश्न: सर, वेज फिल्मच्या प्रयोगात दोन काचांमध्ये एका टोकाला कागद अडकवून, हवेच्या पाचरीत दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून, म्हणजे फ्रिंजेसवरून, झेरॉक्सच्या कागदाची जाडी काढली. काचेच्या टोकापासून कागदापर्यंत L = 48 मिमी, 20 फ्रिंजेसचं अंतर 3.40 मिमी, त्यावरून t = 0.083 मिमी. तोच कागद दहा पानं एकत्र धरून स्क्रू गेजने मोजला तर 1.00 मिमी, म्हणजे एक पान 0.10 मिमी. कागद सरकवून L = 40 केला तरी उत्तर 0.083 च. फ्रिंजेस सरळ आणि स्वच्छ होत्या. दोनदा तेच उत्तर आलं, मग स्क्रू गेज चुकीचा धरायचा का?

उत्तर:

स्क्रू गेज बरोबर आहे. दहा पानं एकत्र मोजण्याची युक्तीही चांगली आहे, कारण एका पानावर 0.01 मिमी लीस्ट काउंट म्हणजे थेट दहा टक्के. तुमचं गणितही बरोबर आहे. चूक बहुतेक करून त्या जागी आहे जिकडे मायक्रोस्कोप नेऊन कोणी पाहतच नाही: दोन काचा जिथे एकमेकींना टेकतात तिथे. माझ्या अंदाजाने त्या टेकलेल्याच नाहीत. मधे काहीतरी आहे, साधारण 0.017 मिमी जाडीचं.

हे इतक्या खात्रीने का म्हणतो ते सांगतो. आधी बाकीचे संशयित बाजूला काढू.

तुमचं उत्तर 17 टक्क्यांनी कमी आहे. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट 0.01 मिमी. 3.40 मिमीच्या फरकात दोन्ही टोकांची मिळून 0.02 मिमी चूक धरली तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. 0.10 यायला 20 फ्रिंजेसचं अंतर 2.83 मिमी हवं होतं. म्हणजे 24 फ्रिंजेस ओलांडून तुम्ही 20 मोजल्या असं मानावं लागेल, आणि तेही दोन्ही वेळा. क्रॉसवायर फ्रिंजेसना काटकोनात न जाता तिरकी सरकत असेल तर अंतर जास्त भरतं हे खरं, पण 17 टक्के फरक पडायला ती 33–34 अंशांनी तिरकी हवी. इतका तिरपेपणा कोणालाही दिसेल. राहिला L. सगळा दोष त्याच्यावर टाकायचा तर खरा L 48 नव्हे, जवळपास 58 मिमी असायला हवा. एक सेंटिमीटरची चूक साध्या पट्टीनेही होत नाही.

आता तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती: L बदलला तरी उत्तर तेच आलं. तुम्ही ते उत्तर बरोबर असल्याचा पुरावा समजलात. मला त्यातच चोर सापडला.

फ्रिंजेस जाडी मोजत नाहीत, उतार मोजतात. एका काळ्या पट्टीवरून शेजारच्या काळ्या पट्टीवर गेलं की हवेचा थर λ/2 ने, म्हणजे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात 0.295 मायक्रॉनने जाड होतो. पट्ट्या किती अंतराने आहेत यावरून वरची काच किती वेगाने चढते एवढंच कळतं. चढ कुठल्या उंचीपासून सुरू झाला याबद्दल पट्ट्या एक अक्षर बोलत नाहीत. β म्हणजे शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर धरून `t = λL/2β` लिहिताना टोकाला जाडी शून्य आहे हे आपणच गृहीत धरतो.

आता टोकाला δ उंचीचा अडसर आहे असं समजा. कागदाशी उंची t, टोकाला δ, म्हणून उतार (t − δ)/L. सूत्रात घातलं की उत्तर येतं t − δ. त्यात L उरतच नाही. कागद 48 वर ठेवा, 40 वर ठेवा, 30 वर ठेवा, प्रत्येक वेळी तेच चुकीचं उत्तर अगदी इमानदारीने येईल. तुमच्या बाबतीत t − δ = 0.083, म्हणून δ = 0.017 मिमी. पट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर टोकापासून कागदापर्यंत सुमारे 339 काळ्या पट्ट्या बसायला हव्या होत्या, तुमच्या पाचरीत 282 बसल्या. सुरुवातीच्या 57 पट्ट्या तयारच झाल्या नाहीत.

उलट, L मोजायची सुरुवातच चुकीच्या जागेपासून झाली असती, तर उत्तर L बरोबर बदललं असतं. समजा काचेची कड ठिकरी उडालेली आहे आणि काचा कडेच्या 2 मिमी आत टेकतात. मग 48 वर 4 टक्के चूक, 40 वर 5 टक्के, 20 वर 11 टक्के. हा फरक लक्षात ठेवा: L बदलल्यावर उत्तर सरकलं तर L चं शून्य चुकलं आहे, उत्तर चुकीचं असूनही जागचं हललं नाही तर टोक मिटलेलं नाही.

17 मायक्रॉन म्हणजे काय असेल? सुती धाग्यातला एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन जाड असतो. प्रयोग सुरू करण्यापूर्वी स्लाइड कशाने पुसल्यात ते आठवा. रुमालाने पुसली असेल तर आणखी शोधत बसायची गरज नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका वर्षी संपूर्ण बॅचची जाडी कमी येत होती आणि मी दोन दिवस सोडियमच्या दिव्यावर आणि मायक्रोस्कोपच्या स्क्रूवर संशय घेत बसलो. शेवटी लक्षात आलं की काचा पुसायला ठेवलेलं फडकं नवीन होतं, न धुतलेलं, आणि त्याची लव सगळ्या स्लाइड्सवर चिकटत होती. फडकं ठेवलं होतं मीच.

तंतू कुठे पडला यावर पट्ट्यांचं रूप ठरतं. तो एका कोपऱ्यात असेल तर वरची काच त्या बाजूला उचलली जाते आणि पट्ट्या कडेला समांतर न राहता तिरप्या होतात, त्यामुळे पाहणारा निदान सावध तरी होतो. पण तो कडेच्या मधोमध आडवा पडला, किंवा कडेच्या लांबीलाच लोळला, तर काच सरळ उचलली जाते आणि पट्ट्या सुंदर, समांतर, एकसारख्या दिसतात. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं. फ्रिंजेस स्वच्छ दिसल्या म्हणून मांडणी बरोबर, असा निष्कर्ष या प्रयोगात काढता येत नाही.

«टोकाला काळी पट्टी आहे, म्हणजे तिथे जाडी शून्य» हेही पुरेसं नाही. काचा टेकल्या असतील तर तिथे अंधार असणार हे नक्की, कारण खालच्या काचेवरून परावर्तित होताना अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. पण 17 मायक्रॉनच्या फटीतही योगायोगाने तिथे काळी पट्टी पडू शकते. एका रंगाच्या प्रकाशात पहिली काळी पट्टी आणि अठ्ठावन्नावी काळी पट्टी यांत डोळ्याला काही फरक दिसत नाही.

म्हणून खरी तपासणी पांढऱ्या प्रकाशात करायची. मांडणी हलवू नका. सोडियमचा दिवा झाकून मोबाइलचा टॉर्च त्याच 45 अंशांच्या काचेवर पडेल असा धरा आणि मायक्रोस्कोप टोकाशी न्या. काचा खरोखर टेकल्या असतील तर कडेला काळी रेघ, तिच्यापुढे करडट पांढरा, मग पिवळा, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा असे रंग दिसतील. तुमच्या उताराला हा सगळा खेळ पहिल्या एखाद्या मिलिमीटरात आटोपतो, पुढे रंग एकमेकांत मिसळून पांढरं होतं. फट दोन-तीन मायक्रॉनपेक्षा जास्त असेल तर हे रंग फिके पडतात, आणि 17 मायक्रॉनला काहीच दिसत नाही. रंग दिसले तर L त्या काळ्या रेघेपासून मोजा, काचेच्या कडेपासून नाही. रंग नाही दिसले तर रीडिंग घ्यायला सुरुवातच करू नका.

आणखी एक झटपट खूण आहे. सोडियमच्या प्रकाशात पट्ट्या पाहत असताना टूथपिकच्या टोकाने वरची काच बरोबर टोकाच्या कडेवर हलकेच दाबा. टोक मिटलेलं असेल तर पट्ट्या जवळपास जागच्या जागी राहतात. खाली तंतू किंवा धूळ असेल तर काच आणखी खाली जाते, उतार वाढतो आणि पट्ट्या सरकत जवळ येतात.

आता परत करून पाहायचं असेल तर मी कसं करतो ते सांगतो. स्लाइड्स साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून, उभ्या ठेवून वाळवायच्या. शेवटी भिंगाच्या कागदावर थेंबभर स्पिरिट घेऊन एकाच दिशेने पुसायचं आणि मग टेकणाऱ्या कडेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसाही अडसर होतो. काचा एकमेकींवर ठेवण्याआधी दिव्याच्या तिरप्या प्रकाशात कड पाहा, तंतू चमकतो.

काचा धरून ठेवायला रबरबँड लावणार असाल तर एक टोकाच्या वर आणि एक बरोबर कागदाच्या वर. मधे कुठेही नको. मधे रबर आवळला की वरची काच वाकते, टोकाकडचा आणि कागदाकडचा β वेगळा येतो. तशी शंका आली तर टोकाजवळच्या वीस आणि कागदाजवळच्या वीस पट्ट्यांचं अंतर ताडून पाहा. तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काच वाकली आहे किंवा मुळातच सपाट नाही. साध्या स्लाइड्स काही ऑप्टिकल फ्लॅट नसतात, चार-पाच जोड्या बदलून चांगली जोडी निवडून ठेवावी.

फोकस करताना आधी कागदाची आतली कड स्पष्ट करा आणि मग फोकस न हलवता पट्ट्यांकडे या. पट्ट्या हवेच्या थरात असतात, वरच्या काचेच्या पृष्ठभागावर नाही. काच सव्वा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे पृष्ठभागावरच्या धुळीवर फोकस केला तर पट्ट्या पुसट दिसतात आणि विद्यार्थी दिव्याला दोष देतात.

माझ्या एका रीडिंगचे आकडे देतो, 75 जीएसएमचा कागद. काळी रेघ 12.36 मिमीवर, कागदाची आतली कड 62.18 मिमीवर, दोन्ही त्याच मायक्रोस्कोपच्या त्याच मोजपट्टीवर वाचलेले. L = 49.82 मिमी. मग टोकापासून नऊ मिलिमीटर पुढची एक काळी पट्टी शून्यावी धरली आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवत दर दहाव्या पट्टीचं रीडिंग घेतलं: 21.47, 22.91, 24.33, 25.77, 27.19. पहिल्या आणि तिसऱ्या रीडिंगमधला फरक 2.86, दुसऱ्या आणि चौथ्यातला 2.86, तिसऱ्या आणि पाचव्यातला 2.86. वीस पट्ट्यांना 2.86 म्हणजे β = 0.143 मिमी.

```
t = λL / 2β
  = (0.0005893 × 49.82) / (2 × 0.143)
  = 0.103 मिमी
```

त्याच कागदाची दहा पानं स्क्रू गेजवर 1.02 मिमी भरली. इथे दोन गोष्टी नीट पाहा. एक, पहिली पट्टी «शून्यावी» धरली आहे. तिलाच «एक» म्हणून विसापर्यंत मोजलं तर मधली अंतरं 19 होतात आणि 20 ने भागल्यावर जाडी पाच टक्के जास्त येते. दुसरं, शेजारच्या दोन रीडिंगमधले फरक 1.44 आणि 1.42 असे डुलतात, तो लीस्ट काउंटचा खेळ आहे. एका पट्टीची रुंदी मोजायला गेलो असतो तर 0.14 की 0.15 एवढाच निवाडा करता आला असता. स्क्रू उलटा फिरवून एखादं रीडिंग «दुरुस्त» केलंत तर बॅकलॅश त्यात शिरतो. पट्टी चुकली तर मागे खूप लांब जाऊन परत त्याच दिशेने या.

L कागदाच्या कोणत्या कडेपर्यंत घ्यायचा, हेही बरेच जण विचारतात. आतल्या, म्हणजे टोकाकडच्या. वरची काच चढत जाते, त्यामुळे ती कागदाच्या आतल्या कडेवरच टेकते, बाहेरच्या बाजूला कागद आणि काच यांत बारीक फट राहते. मधली जागा धरली तर कागदाच्या तुकड्याच्या अर्ध्या रुंदीएवढी चूक झालीच.

याच कारणाने कागदात एक स्वतंत्र भानगड आहे. काच टेकते ती कापलेल्या कडेवर. कात्रीने कापलं की कडेचे तंतू एका बाजूला वर उचलले जातात आणि जाडी पाच-दहा टक्के जास्त भासते. काचेवर कागद ठेवून नव्या ब्लेडने कापा आणि उचललेली बाजू नखाने घासून बसवा. शिवाय कागद दबतो. कागद उद्योगाच्या आयएसओ 534 या पद्धतीत जाडी 100 किलोपास्कल दाबाखाली मोजतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो वजन. आपली वरची स्लाइड साडेपाच ग्रॅमची. तेव्हा सगळं नीट करूनही आपलं उत्तर पाकिटावरच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आलं तर तो कागदाचा स्वभाव आहे. कमी आलं तर मात्र टोकाकडे जाऊन पाहा.

तारेला दबण्याचा त्रास नाही, पण तिचा वाक नडतो. रिळावरून काढलेल्या बारीक तारेत एखादी मुरड राहिली की काच त्या मुरडीवर बसते आणि व्यास जास्त येतो. दोन्ही टोकं धरून हलकेच ताणून घ्या, आणि इनॅमलची तार असेल तर इनॅमलची जाडीही त्यात मोजली जाते हे विसरू नका. 40 गेजची उघडी तांब्याची तार 0.122 मिमी, 44 गेजची 0.081 मिमी. या दोन्ही प्रयोगाला चांगल्या.

38 गेजची, म्हणजे 0.152 मिमीची तार घेतली तर एक गंमत दिसते, पहिल्यांदा पाहणारा हमखास घाबरतो. टोकापासून तारेकडे जाताना पट्ट्या फिक्या होत जातात आणि तार यायच्या थोड्या आधी जवळपास नाहीशा होतात. फोकस बिघडलेला नसतो. सोडियमचा पिवळा प्रकाश दोन रंगांचा आहे, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. थर 0.145 मिमी जाड झाला की एका रंगाच्या काळ्या पट्टीवर दुसऱ्याची उजळ पट्टी बरोबर येऊन बसते. साधारण 490 पट्ट्यांनंतर हे घडतं, आणि 980 च्या आसपास त्या पुन्हा स्वच्छ होतात. फिझोने 1862 मध्ये न्यूटनच्या कड्यांमध्ये हेच पाहिलं होतं. तुमच्या 0.10 मिमीच्या कागदापाशीही पट्ट्यांचा उठाव निम्म्यावर आलेला असतो. म्हणून मी रीडिंग टोकाकडच्या अर्ध्या भागातच घेतो, आणि पोस्टकार्डासारखा जाड कागद या प्रयोगाला देत नाही.

तुमच्या त्याच काचा, तोच कागद, L पुन्हा 48. धुऊन मांडल्यावर वीस पट्ट्या 2.83 मिमीच्या आसपास यायला हव्यात. त्याआधी टॉर्च धरून रंग दिसतात का ते पाहा, आणि नाही दिसले तर वरची काच उचलून कडेवर काय सापडतं ते कळवा.